मेव्हणे म्हणतात एसआयपी, वडील म्हणतात कर्ज फेडा

प्रश्न : नमस्कार. माझं वय ४१. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, मिसेस खाजगी शाळेत शिकवतात. दोघांचे मिळून हातात ७४ हजार येतात, घरखर्च ३२ हजार. कळंब्याला फ्लॅट घेतलाय. हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज आहे, २४ लाख बाकी, १५ वर्षं राहिलीत, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २३,६३४. गेल्या महिन्यात गाडीचं कर्ज फिटलं, त्यामुळे महिन्याला १२ हजार मोकळे झाले. वडील म्हणतात, डोक्यावरचं कर्ज आधी फेड, दहा लाख व्याज वाचेल. मेव्हणे म्हणतात, एसआयपी कर, पंधरा वर्षांत साठ लाख होतील. दोघांचंही पटतं, आणि काय करावं ते सुधरेना. पतसंस्थेत १ लाख ६० हजारांची ठेव आहे. मुलगी पाचवीला. मी नवीन कररचनेत आहे. — एक वाचक, कळंबा

उत्तर :

वडील आणि मेव्हणे दोघंही हिशोब अर्धाच मांडतायत, म्हणून दोघांचंही पटतंय. त्यांचे आकडे मी तपासले, दोन्ही जवळपास बरोबर आहेत. दरमहा १२ हजार जादा भरले तर तुमचं कर्ज १५ वर्षांऐवजी ७ वर्षं ८ महिन्यांत फिटतं आणि सुमारे ९ लाख ८० हजार रुपये व्याज वाचतं. तेच १२ हजार दरमहा बारा टक्क्यांनी वाढले, तर १५ वर्षांनी ५९ लाख ९५ हजार होतात. पण हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही, आणि तुमच्या घरात नेमकी तीच चालली आहे.

साठ लाखांमध्ये २१ लाख ६० हजार तुमचेच आहेत, तुम्ही पंधरा वर्षं भरलेले. आणि वडिलांच्या दहा लाखांत एक मोठी गोष्ट धरलेलीच नाही. कर्ज ७ वर्षं ८ महिन्यांत फिटल्यावर पुढची ७ वर्षं ४ महिने तुमच्या हातात दरमहा हप्त्याचे २३,६३४ आणि हे १२ हजार, असे एकूण ३५,६३४ रुपये मोकळे राहणार आहेत. त्यांचं काय होणार, हे वडील सांगत नाहीत आणि मेव्हणेही विचारत नाहीत.

म्हणून हिशोब असा मांडा : दोन्ही वाटांवर दर महिन्याला खिशातून तेवढीच रक्कम जाते, ३५,६३४. दोन्ही वाटा १८० महिने चालतात. शेवटच्या दिवशी दोन्हीकडे घर कर्जमुक्त आहे. मग त्या दिवशी हातात किती रक्कम उरली तेवढंच बघायचं. पहिल्या वाटेवर आधी सगळे पैसे कर्जाला आणि ते फिटल्यावर सगळे ३५,६३४ गुंतवणुकीला जातात. दुसऱ्या वाटेवर हप्ता ठरल्याप्रमाणे चालू राहतो आणि पहिल्या महिन्यापासून १२ हजारांची एसआयपी सुरू होते.

गुंतवणुकीवर बरोबर साडेआठ टक्के मिळाले असं धरा. दोन्ही वाटांवर शेवटी ४३ लाख ४१ हजारांच्या आसपासच रक्कम येते. हा योगायोग नाही. कर्जात जादा भरलेला प्रत्येक रुपया त्या दिवसापासून साडेआठ टक्क्यांचं व्याज लागू देत नाही, म्हणजे तो रुपया तुम्हाला साडेआठ टक्के मिळवूनच देत असतो. तेही कर न लागता आणि बाजाराची भीती न धरता. आज एवढं खात्रीने देणारी जागा सहज सापडत नाही. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे.

यावरून एक गैरसमजही दूर होतो. ‘शेवटच्या वर्षांत जादा भरून उपयोग नाही, व्याज सगळं आधीच दिलेलं असतं,’ असं बँकेच्या काउंटरवरही कधीकधी ऐकायला मिळतं. तुमच्या या महिन्याच्या हप्त्यातले १७ हजार व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ६,६३४ रुपयांनी कमी होतं, हे खरं. शेवटच्या वर्षात हे प्रमाण उलटं होतं. पण याचं कारण एवढंच की बाकी मुद्दल तेव्हा कमी असतं. दर तोच असतो आणि जादा भरलेला रुपया तेव्हाही साडेआठ टक्केच वाचवतो. फक्त तो कमी वर्षं वाचवतो, म्हणून एकूण आकडा लहान दिसतो.

आता मेव्हण्यांचे बारा टक्के धरू. दुसरी वाट ५९ लाख ९५ हजारांवर पोचते. पहिली वाट, म्हणजे आधी कर्ज आणि मग गुंतवणूक, ५० लाखांवर. फरक दहा लाखांचा. पण यातून कर जायचा आहे. इक्विटी फंडातून वर्षभरानंतर पैसे काढले तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, २३ जुलै २०२४ पासून हा दर आहे. दुसऱ्या वाटेवर नफा जास्त, म्हणून करही जास्त. सगळी रक्कम एकाच वर्षात काढली असं धरलं, तर फरक साडेसात लाखांच्या आसपास उरतो. सात लाख काही कमी नाहीत. तरीही ‘साठ लाख विरुद्ध दहा लाख’ ऐकताना जे वाटत होतं, त्यापेक्षा ही तफावत पुष्कळच लहान आहे.

बारा टक्क्यांऐवजी दहाच मिळाले तर कर वजा जाता एसआयपीची वाट दोन लाखांहूनही कमी अंतराने पुढे राहते. आणि पंधरा वर्षांची सरासरी सात टक्केच पडली, तर कर न धरताही कर्ज आधी फेडणारा २ लाख ८८ हजारांनी पुढे असतो. तुमच्या कर्जाच्या दराला बरोबरीची रेघ, कर धरून, नऊ टक्क्यांच्या किंचित वर येते. गुंतवणुकीला पंधरा वर्षं सरासरी त्याच्या वर राहावं लागेल, तरच मेव्हण्यांचं म्हणणं खरं ठरेल. इक्विटीने तेवढं देण्याची शक्यता मला चांगली वाटते. पण ती शक्यता आहे, आणि कर्जातले साडेआठ टक्के ठरलेले आहेत.

हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, एक्सेलमध्ये स्वतः काढा. पहिल्या सूत्रात जादा भरल्यावर कर्ज किती महिन्यांत फिटतं ते येतं, दुसऱ्यात एसआयपीची शेवटची रक्कम :

```
=NPER(0.085/12,-35634,2400000)
=FV(0.12/12,180,-12000)
```

दुसऱ्या सूत्रात ०.१२ च्या जागी ०.१० आणि ०.०७ घालून बघा. पहिल्या वाटेची शेवटची रक्कम काढायची तर त्याच सूत्रात १८० ऐवजी ८८ आणि १२००० ऐवजी ३५६३४ लिहा. मेव्हण्यांना शेजारी बसवून हे केलंत तर आणखी चांगलं.

कागदावर न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि निर्णय खरा त्यांच्यावर फिरतो.

पहिली म्हणजे या दोन्ही वाटा माणसाकडून काय मागतात. कर्ज लवकर फेडणाऱ्याने आठव्या वर्षी, हप्ता संपल्याच्या पुढच्या महिन्यापासून, पूर्ण ३५,६३४ रुपये गुंतवायला सुरुवात केली पाहिजे. वरचा सगळा हिशोब यावरच उभा आहे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत कर्ज लवकर फेडलेले पुष्कळ जण असतात. त्यानंतर हप्त्याएवढी रक्कम खरोखर बाजूला टाकत राहिलेले फार थोडे. आधी मोठी गाडी येते, मग फर्निचर, मग एखादा प्लॉट. हप्ता सक्तीचा असतो, बचत सक्तीची नसते. एसआयपीवाल्याची परीक्षा वेगळी. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आठ हजारांच्या घरात आला होता. २०२० मध्ये जानेवारीतला ४२ हजारांचा आकडा मार्चमध्ये २६ हजारांच्या खाली गेला. अशा वेळी एसआयपी चालू ठेवणाऱ्यालाच पुढची सरासरी मिळते. घाबरून तिथे थांबला, तर त्याच्यापुरते ते बारा टक्के कधीच नव्हते. तुम्ही याआधी घसरणीतून गेलेला नाहीत, तेव्हा स्वतःबद्दल आत्ताच खात्री देऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तुम्ही फाउंड्रीत आहात. कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही. समजा, तीन वर्षं तुम्ही दरमहा १२ हजार जादा भरलेत. ४ लाख ३२ हजार गेले, कर्ज खूप पुढे गेलं. मग ऑर्डरी कमी झाल्या, शिफ्ट बंद झाली, चार महिने पगार अर्धा आला. हाउसिंग फायनान्सवाला तुम्हाला ‘तुम्ही आगाऊ भरलंय, चार महिने हप्ता नको’ असं म्हणणार नाही. पुढच्या महिन्याच्या ठरल्या तारखेला २३,६३४ रुपये खात्यात असलेच पाहिजेत, नाहीतर ईसीएस परत जाणार, दंड लागणार आणि सिबिलवर डाग पडणार. कर्जाची मुदत चार वर्षांनी कमी झालेली असली तरी या महिन्याच्या हप्त्याला तिचा काही उपयोग नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, तेव्हाही व्याज चढतच होतं. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं, त्यात जादा ठेवलेली रक्कम परत काढता येते. तुमचं तसं आहे असं पत्रावरून वाटत नाही.

एसआयपीतले पैसे मात्र काढता येतात. अर्थात मंदी आली की बाजारही पडलेला असण्याची शक्यता असते, आणि मग तोट्यात काढावे लागतात. म्हणून या प्रसंगासाठी दोन्हीपैकी काहीच चालत नाही. त्यासाठी वेगळी रक्कम लागते.

ती किती, हे तुमच्याच आकड्यांवरून निघतं. खर्च ३२ हजार आणि हप्ता २३,६३४, म्हणजे महिन्याला ५५,६३४. सहा महिन्यांचे ३ लाख ३४ हजार होतात. मिसेसचा पगार चालू राहील म्हणून चार महिने धरावेत असं तुम्हाला वाटेल. मुलगी शाळेत आहे, वडिलांचं वय झालेलं आहे, मी सहाच धरेन. तुमच्याकडे १ लाख ६० हजार आहेत. कमी पडतात पावणेदोन लाख. दरमहा १२ हजारांनी वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात, आणि दिवाळीच्या बोनसमधून उरलेले तीस हजार. म्हणजे पहिलं वर्ष कर्जालाही नाही आणि एसआयपीलाही नाही.

त्या १ लाख ६० हजारांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेत, मग ती सहकारी बँक का असेना, एका ठेवीदाराच्या व्याजासकट पाच लाखांपर्यंतच्या रकमेला विमा असतो. पतसंस्था त्या योजनेत येत नाहीत. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्यातल्या पुष्कळ वर्षानुवर्षं नीट चालल्यात, संचालक ओळखीचे असतात आणि दर अर्धा-एक टक्का जास्त मिळतो. पण अडचणीसाठी ठेवलेला पैसा तिथे नको. अडचण आणि पतसंस्थेवरचे निर्बंध एकाच महिन्यात आले तर काय करणार? या ठेवीची मुदत संपली की ती बँकेत हलवा. निम्मे बचत खात्याला जोडलेल्या ठेवीत, निम्मे साध्या मुदत ठेवीत ठेवा. भिशी लावत असाल तर तिचे पैसेही या रकमेत धरू नका, तो नंबर गरजेच्या महिन्यात लागेलच असं नाही.

आता एक काम याच आठवड्यात करा. त्याला पैसेही फारसे लागत नाहीत आणि त्यातून मिळणारा फायदा मेव्हण्यांच्या बाराटक्क्यांपेक्षा खात्रीचा आहे. तुमचा दर साडेआठच का आहे, ते विचारा. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोलाच. त्यामुळे रेपो उतरला की तो उतार ग्राहकापर्यंत बऱ्यापैकी आपोआप येतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तो नियम लागू नाही. त्या स्वतःचा मूळ दर ठरवतात, आणि नव्या ग्राहकाला कमी दर देताना जुन्या ग्राहकाला जुन्याच दरावर ठेवणं तिथे सर्रास चालतं.

शाखेत जाऊन दोन गोष्टी लेखी मागा : माझा सध्याचा दर कशाला जोडलेला आहे आणि त्यावरचा फरक किती, आणि आज माझ्यासारख्याच नव्या कर्जदाराला कोणता दर देता. तफावत असेल तर कन्व्हर्जन फी भरून तुमचं कर्ज त्या दरावर आणता येतं. त्यांनी नाही म्हटलं तर सरकारी बँकेत कर्ज हलवायचा खर्च काढा. त्यात प्रोसेसिंग, वकील, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क, नोटीस ऑफ इंटिमेशनची नोंदणी हे सगळं धरा. कंपनीला मात्र तुम्ही हलवायला निघालात हे कळू द्या. तुमचं कर्ज बदलत्या दराचं आणि स्वतःच्या नावावर असेल, तर ते मुदतीआधी बंद करायला दंड घेता येत नाही.

दर एक टक्क्याने उतरून साडेसात झाला तर हप्ता २२,२४८ होतो. ते तसं होऊ देऊ नका. अर्जावर लिहून द्या की हप्ता २३,६३४ च ठेवावा आणि मुदत कमी करावी. एवढ्याने १८० चे १६२ महिने होतात. खिशातून एक रुपयाही जादा न जाता दीड वर्ष कमी झालं. आणि मग वरच्या हिशोबातली बरोबरीची रेघही एक टक्का खाली येईल, म्हणजे एसआयपीची बाजू आणखी जड होईल. म्हणूनच दर ठरल्याशिवाय कर्ज की एसआयपी हा प्रश्न सुटत नाही.

करसवलतीचा मुद्दा तुमच्यापुरता सोपा आहे. जुन्या रचनेत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, त्यामुळे तिथल्या वीस-तीस टक्के कर भरणाऱ्याला कर्ज प्रत्यक्षात स्वस्त पडतं आणि ते फेडायची घाई करण्यात अर्थ नसतो. नव्या रचनेत राहत्या घराला ती वजावट नाही. तुमचे साडेआठ टक्के पूर्ण साडेआठच आहेत. ‘कर्ज ठेव, कर वाचतो’ असं ऑफिसात कोणी सांगितलं तर ते तुमच्यासाठी नाही.

एवढं सगळं मांडल्यावर माझं मत. वर्षभराने, राखीव रक्कम पूर्ण झाल्यावर, १२ हजारांतले ७ हजार एसआयपीत आणि ५ हजार कर्जात घाला. बरोबर निम्मं का नाही? तुमचा पीएफ दरमहा कापला जातो, तो खात्रीच्या व्याजाचाच आहे. घरही झालंय. वाढीची अशी एकही गुंतवणूक तुमच्याकडे नाही आणि निवृत्तीला सतरा वर्षं आहेत. म्हणून एसआयपीचं पारडं थोडं जड ठेवलंय. सगळे १२ हजार मात्र तिथे नकोत, कारण तुमची नोकरी वाहन उद्योगाच्या चढउतारावर आहे आणि तो उद्योग मंदावतो तेव्हा बाजारही बहुधा पडलेला असतो. पगार आणि गुंतवणूक एकदमच खाली जाणं हा तुमच्यासाठी खरा धोका आहे, आणि त्या दिवशी कर्ज जितकं लहान तितकं बरं.

या पाच हजारांनी काय होतं तेही सांगतो. दर साडेआठच राहिला असं धरून, पहिलं वर्ष नुसता हप्ता आणि दुसऱ्या वर्षापासून पाच हजार जादा, तर कर्ज १८० ऐवजी १३३ महिन्यांत फिटतं. म्हणजे जवळजवळ चार वर्षं आधी, तुमच्या बावन्नाव्या वर्षी. मुलगी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला किंवा पुढच्या शिक्षणाला असेल आणि फीचा काळ चालू असेल. नेमक्या त्या वर्षांत हप्ता नसणं मला फार मोलाचं वाटतं. एसआयपी कुठे, हे मेव्हण्यांना विचारायला हरकत नाही, पण ते फंडांचंच काम करत असतील तर रेग्युलर प्लॅनमधून त्यांना दरवर्षी कमिशन मिळतं हे माहीत असू द्या. निफ्टीच्या एका साध्या इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन, ज्यात असं कमिशन नसतं, तुमच्या कामाला पुरेसा आहे.

कर्जात जादा भरण्याची रीत नीट पाळा, तिथेच पुष्कळांचे पैसे वाया जातात. पैसे नुसते हप्त्याच्या खात्यात टाकून ठेवू नका. काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्याचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहतात आणि मुद्दल तसंच राहतं. काही कंपन्या हप्त्याच्या ठराविक पटीपेक्षा लहान रक्कम घेत नाहीत. म्हणून पाच हजारांचं रिकरिंग लावा आणि दर सहा महिन्यांनी ३० हजार एकदम भरा. या थांबण्यात फार तर शे-दोनशे रुपयांचं व्याज जातं. भरताना अर्जावर लिहा : ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. हे लिहिलं नाही तर बरेचदा हप्ता कमी करून देतात. हप्ता तीनशे रुपयांनी कमी झालेला बघून बरं वाटतं, आणि ते तीनशे किराणात कधी गेले ते कळतही नाही.

पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट काढून तीन जागा बघा. बाकी मुद्दल पूर्ण ३० हजार आणि त्या महिन्याच्या हप्त्यातल्या मुद्दलाने उतरलं का? हप्ता २३,६३४ च आहे का? शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का? तिसरी बदलली नसेल तर नोंद चुकली आहे. परतफेडीचा नवीन तक्ता हातात घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.

आणि ७-५ ही वाटणी पंधरा वर्षांसाठी कोरलेली समजू नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला होता, तसं पुन्हा होऊ शकतं. तुमचा दर साडेनऊच्या वर गेला तर ५ चे ९ करा आणि एसआयपी ३ वर आणा, कारण मग बरोबरीची रेघ दहाच्या वर जाते आणि एवढं खात्रीचं दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. दर साडेसातच्या खाली आला तर कर्जाला हप्त्यापलीकडे काही देऊ नका, बाराच्या बारा एसआयपीत जाऊ द्या. दर वर्षी एप्रिलमध्ये व्याजाचं प्रमाणपत्र काढाल, तेव्हाच हा दर बघून घ्या.